'स्थिर' म्हणजे नक्की कुठला? आणि 'गृहीतक' की 'अट'?

टाचणकर
डिप्लोमाच्या मुलांसाठी द्रायुयामिकीच्या प्रकरणाचं एका पानाचं टाचण करतेय. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं आहेत, म्हणून मराठीत. रकाने तीन: समीकरण, गृहीतकं, कुठे वापरायचं. घोळ घातलाय 'स्थिर' या शब्दाने. p = ρgh पुढे मी लिहिलं 'द्रव स्थिर'. बर्नुलीपुढे लिहिलं 'प्रवाह स्थिर'. शिवाय बर्नुलीचं समीकरणच p + ½ρv² + ρgh = स्थिर असं संपतं. काल एका मुलाने पाणी सुरू असलेल्या नळीच्या उघड्या तोंडाशी दाब ρgh काढला. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, प्रवाह स्थिर आहे ना!" चूक त्याची म्हणू की माझी? 'स्टेडी'ला दुसरा शब्द हवाय.

अनुस्वार
'एकसमान' वापरा. सोपा आहे आणि रुळलेलाही आहे. जाता जाता, समीकरणाच्या शेवटी 'स्थिरांक' लिहा, 'स्थिर' नको. ते विशेषण आहे, त्याच्याबरोबर नाम लागतं.

शब्दवेडी
'संथ' कसा वाटतो? कानाला किती छान!

धरणावरचा
संथ नको, ताई. संथ म्हणजे हळू. अग्निशामक दलाच्या नळीतून सुटणारी जोरदार धारही स्टेडी असू शकते. अनुस्वार यांचा 'स्थिरांक' मान्य, पण 'एकसमान' नाही. ती गोष्ट जागेची आहे आणि स्टेडी ही वेळेची. नळीच्या निमुळत्या तोंडात पाणी पुढे सरकता सरकता वेग घेतं, म्हणजे प्रवाह एकसमान नाही. पण तुम्ही एका ठिकाणी बोट ठेवून तासभर मोजलंत तरी तिथला वेग तोच भरेल. हा झाला स्टेडी. इथे 'एकसमान' लिहिलंत तर मुलं म्हणतील, वेग सगळीकडे सारखाच आहे, मग बर्नुली हवा कशाला? आणि त्यांचं खरंच असेल.

मी 'वेळेनुसार न बदलणारा' असं सरळ लिहीन. लांब आहे, पण त्यातून दुसरा अर्थ निघत नाही. 'स्थिर' फक्त साचलेल्या पाण्यासाठी राखून ठेवा. (बर्नुलीतल्या p ला काही पुस्तकं 'स्थिर दाब' म्हणतात, पाणी धावत असतानाही. म्हणजे तुमच्याकडे चौथा 'स्थिर' येऊ घातलाय.)

टाचणकर
चौथा दाराबाहेरच ठेवते, काका.

मळेवाला
आमच्याकडे याला मोटार 'एका लयीत' चालली म्हणतात. बरं, माझा प्रश्न वेगळाच आहे. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळीचं तोंड दोन मीटर खाली आहे. नळी अर्ध्या इंचाची, वीस मीटर लांब. पुतण्याने बर्नुली लावून सांगितलं, १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरेल. दोन मिनिटं उलटली तरी भरेना. नळीत काही अडकलंय का?

अनुस्वार
प्रश्न शब्दांचा चाललाय, राव.

धरणावरचा
असू द्या, याच नळीत ताईंचं अर्धं टाचण आहे. पुतण्याने v = √(2gh) वापरलं. वेग आला सेकंदाला ६.३ मीटर, त्यावरून बादली २० सेकंदांची. आकडेमोड बरोबर आहे. पण बर्नुली म्हणतो घर्षण नाही, आणि साडेबारा मिलिमीटरच्या वीस मीटर नळीत दुसरं काही नाहीच मुळी, घर्षणच आहे! टाकीला नुसतं भोक पाडलं असतं तर पुतण्याचा वेग जवळपास बरोबर आला असता.

टाचणकर
मग घर्षण धरणारं प्वाझयचं समीकरण लावायचं. माझ्या पानावर तेच आहे: 'नळी असेल तर प्वाझय.'

धरणावरचा
लावून बघा. वेग येतो सेकंदाला ४.८ मीटर, बादली २५ सेकंदांत. घर्षण धरूनही पुतण्याच्या उत्तरापासून फारसं हललो नाही. आता याच वेगाने रेनॉल्ड्स अंक काढा, ६०,००० भरतो. प्वाझय फक्त थरांत वाहणाऱ्या पाण्याचा आहे, नळीत साधारण २,००० च्या आतला. म्हणजे त्याच्याच उत्तराने त्याची अट मोडली. हा फ्रेंच डॉक्टर केसासारख्या काचनळ्यांत मोजमापं करत होता, बागेच्या नळीत नव्हे.

खवळलेल्या प्रवाहाला डार्सी-वाइसबाख. गुळगुळीत नळीला घर्षणांक ०.०३ धरा. वेग येतो सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास. त्याने रेनॉल्ड्स अंक ११,००० भरतो आणि त्या अंकाला घर्षणांक पुन्हा ०.०३ च निघतो. म्हणजे गृहीत आणि उत्तर एकमेकांशी भांडत नाहीत. बादली भरते सव्वादोन मिनिटांत. मळेवाले, नळीत काही अडकलेलं नाही.

शब्दवेडी
पण टाकीतलं पाणी तर खाली जातंय. मग प्रवाह 'वेळेनुसार न बदलणारा' कसा?

धरणावरचा
चांगली शंका आहे. टाकीचा तळ एक चौरस मीटर धरला तर एक बादली भरेपर्यंत पातळी दीड सेंटिमीटर उतरते. दोन मीटरात दीड सेंटिमीटर, चालतं. टाकी पूर्ण रिकामी व्हायला किती वेळ लागेल असं विचारलंत तर मात्र चालणार नाही. अट एकच, पण प्रश्नागणिक पाळली जाते किंवा मोडते.

आता ताईंच्या दुसऱ्या रकान्याबद्दल. 'गृहीतकं' हे शीर्षक काढाच. मराठीत 'मला गृहीत धरू नकोस' म्हणजे काय? न विचारता, न तपासता. मुलं तेच करतात. प्रश्नात काही असो, गृहीत धरतात आणि पुढे जातात. 'अट' म्हटलं की ती पाळली का, हे बघावं लागतं.

अनुस्वार
असहमत. अट बाहेरून घातलेली असते, गृहीतक आपण मांडतो. घर्षण शून्य असतं का कुठे? तरी ते शून्य मानणं हे गृहीतकच. 'अट' म्हटलंत तर बर्नुली कधीच लागू होणार नाही, कारण ती अट कुठेच पूर्ण होत नाही.

धरणावरचा
यात तथ्य आहे. मग 'किती मोडली तर चालेल' असं शीर्षक द्यायचं का? माझ्याकडे चांगला शब्द नाही.

मळेवाला
अजून एक. वीज गेली की मोटारीचा पाइप धाडकन वाजतो. तिथे कुठलं समीकरण?

धरणावरचा
यातलं एकही नाही. तिथे दोन अटी एकदम मोडतात. प्रवाह क्षणात बदलतो, आणि पाणी दाबलं जात नाही हेही खरं राहत नाही. लोखंडी पाइपात सेकंदाला एक मीटरने जाणारं पाणी झटक्यात अडलं तर दाब साधारण १२ बारने उसळतो. तो आवाज त्या उसळीचा.

टाचणकर
तिसरा रकाना नव्याने लिहिला:

पाणी साचलेलं आहे: p = ρgh.
कुठेही, नळी भरलेली, पाणी दाबलं जात नाही: A₁v₁ = A₂v₂. घर्षण असो वा नसो.
अंतर थोडं, घर्षण नगण्य, वेळेनुसार बदल नाही, एकाच प्रवाहरेषेवर: बर्नुली.
लांब नळी: आधी प्वाझय. आलेल्या वेगाने रेनॉल्ड्स अंक काढा. २,००० च्या वर गेला तर उत्तर खोडा आणि डार्सी-वाइसबाख लावा.
झडप किंवा मोटार झटक्यात बंद: यातलं काहीच नको.

दुसऱ्या रकान्याला तूर्त शीर्षकच दिलेलं नाही.

अनुस्वार
'प्रवाहरेषा' एक शब्द, जोडून. बरोबर लिहिलंय.

मळेवाला
आज घड्याळ लावून मोजलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तुमच्या सव्वादोनवर पंचवीस सेकंद जास्त कुठून आले?

धरणावरचा
नळी सरळ ताणलेली होती की वेटोळं करून पडली होती?