उत्तर: निविदेच्या तांत्रिक प्रस्तावात गुण कुठे गळतात

> "सगळं लिहिलं होतं, तरी 'जोखीम व्यवस्थापन'ला २० पैकी ९च गुण. असं का?"

बहुतेकदा 'सगळं' दुसऱ्याच पानावर असतं. कित्येक ठिकाणी प्रत्येक निकष वेगळा परीक्षक तपासतो, त्यामुळे 'परिशिष्ट ४ पहा' लिहिलं की गुण गेलेच म्हणा.

निकषाचं वाक्य तोडा. 'जोखीम, उपाय व जबाबदार व्यक्ती नमूद करा' यात तीन मागण्या आहेत. त्याच शब्दांत तीन उपशीर्षकं द्या. नऊ गुणांच्या उत्तरात सहसा जोखमींची लांबलचक यादी असते, पण जबाबदार कोण हे नसतं.

'योग्य ती काळजी घेऊ' याला परीक्षक गुण देणार तरी कशाचे? त्याऐवजी लिहा: 'डेटा हलवताना नोंदी गहाळ होऊ शकतात, म्हणून जुनी प्रणाली १४ दिवस समांतर चालेल, रोज नोंदींची संख्या जुळवली जाईल, जबाबदारी डेटा प्रमुखाची.' मात्र हे १४ दिवस दरपत्रकातही धरा, नाहीतर स्पष्टीकरण मागवलं की पंचाईत.