मदत हवी आहे: २५ ला सुरुवात की ३५ ला दुप्पट? दादाशी वाद चाललाय

उंबरठा:
नमस्कार. मी २५ वर्षांची, नोकरीला एक वर्ष झालं. निवृत्तीसाठी आतापासून महिन्याला ५,००० बाजूला टाकायचा विचार आहे. माझा चुलत दादा ३३ चा आहे, त्याने अजून काहीच सुरू केलेलं नाही. त्याचं म्हणणं, "आत्ता मजा कर. मी ३५ पासून १०,००० टाकीन आणि तुझ्या पुढे जाईन. दुप्पट ती दुप्पट." मी तक्ता मांडून बघितला तर माझी रक्कम इतकी मोठी आली की स्क्रीनवर मावेना, तेव्हा कुठेतरी घोळ आहे हे मलाही कळलं. सूत्र हे लिहिलं होतं:

```
=FV(10%,420,-5000)
```

परतावा वर्षाला १० टक्के धरला आहे. ३५ वर्षांचे महिने ४२०. चूक कुठे आहे? आणि दादाचं दुप्पटचं गणित बरोबर आहे का?

गोगलगाय:
इतक्या लवकर निवृत्ती कशाला घेताय? ३५ ला घरी बसून करणार काय? माझा एक मित्र बसला होता, सहा महिन्यांत कंटाळून परत कामाला लागला.

उंबरठा:
अहो, निवृत्ती ६० लाच. ३५ ला दादा बचत सुरू करणार आहे.

गोगलगाय:
अच्छा अच्छा. घाईत वाचलं.

आकडेमोड:
चूक सोपी आहे. तुम्ही महिने ४२० घातले, पण व्याज वर्षाचंच ठेवलंत, म्हणजे दर महिन्याला १० टक्के. असं कुठे मिळत असेल तर मलाही कळवा. वर्षाच्या हिशोबाने करा, डोळ्यांनी तपासता येतं. ५,००० महिन्याला म्हणजे ६०,००० वर्षाला, प्रत्येक वर्षाच्या शेवटी भरले असं धरू.

```
=FV(10%,35,-60000)
=FV(10%,25,-120000)
```

पहिलं तुमचं: साधारण १ कोटी ६२ लाख ६१ हजार. दुसरं दादाचं: १ कोटी १८ लाख. तुम्ही एकूण २१ लाख भरले, त्याने ३० लाख. म्हणजे तो ९ लाख जास्त भरून ४४ लाखांनी मागे.

सावकाश:
यासाठी सूत्र कशाला, ७२ चा नियम पुरे. ७२ ला १० ने भागा, ७.२ वर्षांत पैसे दुप्पट. दहा वर्षांत साधारण २.६ पट. दादा दहा वर्षं उशिरा, म्हणून त्याने २.६ पट भरायचे, १३,००० च्या आसपास. झालं काम.

आकडेमोड:
सावकाश, एकरकमी पैशाला तुमचं गणित चोख लागू आहे. १० टक्क्यांनी दहा वर्षांत २.५९ पट होतात. पण इथे दादाची फक्त सुरुवात उशिरा नाही, त्याचे दहा हप्तेही कमी आहेत. ती ३५ हप्ते भरणार, तो २५. म्हणून २.५९ ऐवजी २.७६ पट लागतात, म्हणजे महिन्याला १३,७७९. फरक थोडाच आहे, पण १३,००० वर थांबला तर दादा मागेच राहील.

उंबरठा:
धन्यवाद, तक्ता जुळला! पण दादाला दाखवल्यावर तो म्हणाला, "तू ३५ वर्षं भरतेस म्हणून." मग मी त्याला विचारलं, मी दहाच वर्षं भरून थांबले तर? तर तो हसला. थांबल्यावर काय होईल?

आकडेमोड:
हे मला सगळ्यात आवडतं, म्हणून सावकाश सांगतो (सदस्य सावकाश, तुम्ही नाही).

दहा वर्षांत तुम्ही ६ लाख भरले. ३५ व्या वाढदिवसाला खात्यात ९ लाख ५६ हजार आहेत. आता एक पैसाही टाकायचा नाही. पुढच्या एका वर्षात या रकमेवर १० टक्के म्हणजे ९५,६०० च्या आसपास येतात. म्हणजे तुमची रक्कमच दर वर्षी ९५,६०० "भरतेय", आणि तो आकडा दर वर्षी वाढत जाणार.

आता दादा ३५ ला रिकाम्या खात्याने आला. त्याने वर्षाला ९५,६०० पेक्षा कमी भरले तर तो तुम्हाला कधीच गाठू शकत नाही. ६० ला नाही, ९० ला नाही, कधीच नाही. तो ६०,००० भरत असेल तर दोघांतलं अंतर दर वर्षी वाढतच जातं. ६० व्या वर्षी तुमचे १ कोटी ३ लाख ६० हजार, त्याचे ५९ लाख.

महिन्याला ८,००० म्हणजे वर्षाला ९६,००० भरले तर काठावर पास. गाठायला ५८ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे दादा ९३ पूर्ण केल्यावर तुमच्या बरोबरीला येईल. तेव्हा मला बोलवा, पेढे खाऊ.

उलट महिन्याला १०,००० भरले तर १७ व्या वर्षी, म्हणजे ५२ व्या वर्षी, तो तुम्हाला गाठतो आणि ६० ला १ कोटी १८ लाखांवर जातो. तेव्हा तुम्ही दहाच वर्षं भरून थांबलात तर दुप्पटवाला दादा जिंकतो. भरत राहिलात तर हरतो. वाद दोन वेगळ्या गोष्टींचा आहे.

तिरकस:
आकडेमोड यांचं गणित बरोबर, पण १० टक्के कुठून आणले? ही "दहा वर्षं भरा आणि विसरा" गोष्ट जिथे तिथे सांगतात, पण ती दरावर टिकलेली आहे हे कुणी सांगत नाही. दर ५.८ टक्क्यांच्या खाली गेला की तीच गोष्ट उलटते. ४ टक्क्यांनी करून बघा. दहा वर्षं भरून थांबणारी साधारण १९ लाखांवर अडकते आणि ३५ ला तेवढाच हप्ता सुरू करणारा २५ लाखांवर जातो. ज्यांनी सगळे पैसे मुदत ठेवीत टाकले आणि व्याजावर कर भरला त्यांनी हे नीट वाचावं.

आकडेमोड:
मान्य, आणि खरंतर हे मीच आधी सांगायला हवं होतं. एक भर घालतो. पगार वाढतो, महागाई वाढते. २५ चे ५,००० आणि ३५ चे ५,००० हे सारखं ओझं नाही. म्हणून खरी तुलना पगाराच्या टक्क्यांत करावी. पगार दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढला आणि परतावा १० टक्के मिळाला, तर आपल्या कामाचा दर उरतो पावणेचारच्या आसपास. अशा हिशोबात तुम्ही आयुष्यभर पगाराच्या १० टक्के टाकले, तर त्याच जागी पोहोचायला दादाला ३५ पासून साडेसतरा टक्के टाकावे लागतात. २.७६ पटीऐवजी १.७४ पट. फायदा आहेच, पण कोटींचे आकडे बघून जेवढा वाटतो तेवढा नाही. दहा वर्षं भरून थांबणारी तर या हिशोबात मागे पडते.

सावकाश:
म्हणजे आता दादा बरोबर?

आकडेमोड:
दादाचं अर्धं बरोबर. दुप्पट टक्के भरले तर या हिशोबात तो पुढेही जाईल. पण ३५ ला पगाराचा पाचवा हिस्सा बाजूला काढणं आणि २५ ला दहावा, यात सोपं काय हे दादाने सांगावं.

मधलीसुट्टी:
माझं सांगते, प्रश्नाशी किती जुळतं माहीत नाही. मी २४ ला सुरू केलं होतं, पगारातून हप्ता कापला जायचा तसा. ३१ ला नोकरी बदलली आणि जमलेले सगळे काढून घेतले. रक्कम फार नव्हती, म्हणून वाटलं एवढ्याशाने काय होतं. घरातल्या कामात संपले. आज मी ४१ ची आहे. कागदावर माझी बचत "२४ पासून", प्रत्यक्षात ३१ पासून. वर आकडेमोड यांचं ९५,६०० चं उदाहरण वाचल्यावर कळलं मी नेमकं काय काढलं होतं. मी हप्ते काढले असं समजत होते, काढलं ते हप्ते भरणारं माणूसच.

आकडेमोड:
मधलीसुट्टी, अगदी नेमकं. उंबरठा यांच्या बाबतीत बघा, पहिल्या वर्षाचे ६०,००० हेच ६० व्या वर्षी १५ लाख ३३ हजार होतात. ५० ते ६० या शेवटच्या दहा वर्षांत भरलेले ६ लाख मिळून होतात ९ लाख ५६ हजार. म्हणजे पहिला एक हप्ता शेवटच्या दहांना भारी. आणि काढताना नेमका तोच आधी हाताशी असतो.

तिरकस:
एक विचारायचं राहिलं. उंबरठा, तुमच्यावर काही कर्ज आहे का? क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. तिथलं व्याज या १० टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आधी ते फेडलं तर तेवढा परतावा पक्का.

उंबरठा:
कार्डाचं नाही, पण शिक्षणाचं कर्ज आहे, व्याज ९ टक्के. त्याचा हप्ता गेला की ५,००० जड जातात, ३,००० जमतील. तक्त्यात टाकून बघितलं, ३५ वर्षांत साधारण ९७ लाख ५७ हजार येतात. म्हणजे दादाच्या १०,००० समोर मी हरतेच की!

तिरकस:
हरता, कारण तो तिपटीहून जास्त भरतोय. ९ टक्क्यांच्या कर्जापुढे मी तरी आधी कर्ज फेडलं असतं. ९ खात्रीचे आहेत, १० नाहीत.

आकडेमोड:
इथे माझं मत वेगळं. कर्जाचा ठरलेला हप्ता जाऊ द्या, वर उरतात ते ३,००० सुरू करा. कर्ज संपलं की हप्त्याची रक्कम इकडे वळवा. पण तिरकस यांचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही, ९ आणि १० मधलं अंतर फारच कमी आहे.

उंबरठा:
दोघांचंही दादाला वाचून दाखवलं. त्याने एकच विचारलं, "३,००० वर थांबलीस तर तुला गाठायला मला किती लागतील?" ८,२६७ आले. त्याने आकडा फोनमध्ये लिहून घेतला आणि म्हणाला, ३५ कशाला, पुढच्या महिन्यापासून टाकतो. आता ३३ चं सूत्र मांडायचं आहे. सत्तावीस वर्षं ना?

आकडेमोड:
हो. २५ च्या जागी २७ टाका. त्याचे ८,२६७ खाली येतील. किती ते त्यालाच काढू द्या.