मदत हवी आहे: मार्कडाउनमधली सूचना व्हॉट्सॲपवर टाकली की चांदण्यांचा सडा पडतो

वाचनवेडी
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या सूचना मी लिहिते. मजकूर एकच, पण जातो तीन ठिकाणी: वेबसाइट, सभासदांचा व्हॉट्सॲप गट आणि टेलिग्राम चॅनेल. साइटला मार्कडाउन लागतं, म्हणून मूळ मसुदा त्यातच करते. परवाचा नमुना:

```
**वार्षिक सभा:** रविवार, सायं. 5 वाजता
अनामत परत घेणाऱ्यांनी *मूळ पावती* आणावी.
नावं **शनिवारी**च द्या.
```

साइटवर छान दिसतं. व्हॉट्सॲपवर 'वार्षिक सभा'च्या दोन्ही बाजूंना चांदण्या लटकत राहिल्या. एका आजोबांनी फोन करून विचारलं, "सभेला अटी लागू आहेत का?" दर वेळी हाताने चांदण्या खुडायचा कंटाळा आलाय. काही उपाय?

सदूकाका
अहो, सोपं आहे. शब्दावर बोट दाबून धरायचं, मेनू येतो, त्यात बोल्ड निवडायचं. मी रोजचं सुभाषित असंच पाठवतो.

वाचनवेडी
काका, ते माहीत आहे. पण महिन्याला पंधरा-वीस सूचना असतात आणि मूळ मजकूर संगणकावर असतो. तेच टाळायचंय.

टिंबटिंब
व्हॉट्सॲपमध्ये 2024 पासून मार्कडाउन चालतं की! मी याद्या, अवतरणं सगळं वापरतो. तुमचं ॲप जुनं असेल, अपडेट करा.

रात्रपाळी
टिंबटिंब, अर्धं बरोबर. त्या वर्षी याद्या, `>` ची अवतरणं आणि ओळीतला कोड आला, आणि त्या खुणा मार्कडाउनसारख्याच आहेत. म्हणूनच लोक फसतात. ठळक-तिरक्याचा नियम मात्र जुनाच राहिला: व्हॉट्सॲपवर एक चांदणी म्हणजे ठळक, अंडरस्कोर म्हणजे तिरकं. मार्कडाउनमध्ये एक चांदणी म्हणजे तिरकं, दोन म्हणजे ठळक. खूण तीच, अर्थ वेगळा. अपडेटने हे सुटणार नाही.

वाचनवेडी, तुम्हाला लटकलेल्या चांदण्या दिसल्या, पण दुसरी ओळ नीट पाहिलीत का? 'मूळ पावती' तुम्हाला तिरकं हवं होतं, ते गटात ठळक गेलं असणार. तिथे चांदणी शिल्लक राहत नाही, त्यामुळे चूक झाल्याचा पत्ताही लागत नाही. मला तरी हीच चूक जास्त त्रासदायक वाटते.

वाचनवेडी
अरेच्चा, खरंच ठळक गेलंय! बरं, भाच्याने संगणकावर लिनक्स टाकून दिलंय आणि थोडं sed शिकवलंय. मी हे केलं:

```
s/\*\*([^*]+)\*\*/*\1*/g
s/\*([^*]+)\*/_\1_/g
```

आता सगळंच तिरकं होतंय. ठळक काहीच उरलं नाही.

रात्रपाळी
पहिल्या ओळीने दोनाची एक चांदणी केली. दुसरी ओळ आली तेव्हा तिला सगळीकडे एकच चांदणी दिसली, मूळची कोणती आणि नवी कोणती हे तिला कसं कळणार? तिने सगळ्यांना अंडरस्कोर लावला. उपाय असा, की ठळकच्या जागी आधी मजकुरात कधीच न येणारी खूण ठेवायची, मग तिरकं उरकायचं आणि शेवटी त्या खुणेची चांदणी करायची:

```
sed -E 's/\*\*([^*]+)\*\*/\x01\1\x01/g
s/\*([^* ][^*]*)\*/_\1_/g
s/\x01/*/g' suchana.md
```

मधल्या ओळीतली `[^* ]` मुद्दाम आहे. तुम्ही यादी चांदणीने करत असाल, तर "चांदणी, स्पेस, मजकूर" अशी ओळ असते. ती सूट दिली नाही तर यादीची चांदणी पुढच्या तिरक्या शब्दाच्या चांदणीशी जोडी जमवते आणि भलताच भाग तिरका होतो. तरी `2*3*4` असं काही लिहिलंत तर हे गंडणारच. वाचनालयाच्या सूचनेत ते येणार नाही असं धरून चालतो.

मॅकवाली
माझ्या मॅकवरच्या sed ने `\x01` मानलं नाही. लिनक्सवर चालतं. मी शेवटी पायथनमध्ये केलं.

वाचनवेडी
चाललं! पहिल्या दोन ओळी अगदी हव्या तशा. पण तिसरी हट्टी आहे. `*शनिवारी*च` असं होतंय आणि गटात चांदण्यांसकटच दिसतंय.

रात्रपाळी
हा मराठीचा खास त्रास. व्हॉट्सॲपला बंद करणाऱ्या चांदणीनंतर शब्द संपलेला हवा असतो. आपण च, ला, ने, त चिकटवतो, म्हणजे शब्द संपतच नाही. मार्कडाउनमध्ये चांदणी शब्दाच्या मधेही चालते, म्हणून साइटवर कळलं नाही. प्रत्ययही आत घ्या: `**शनिवारीच**`. दोन्हीकडे चालेल, आणि वाचायलाही तेच बरं दिसतं.

टिंबटिंब
मी इंटरनेटवरून ठळक अक्षरं तयार करून चिकटवतो, चांदण्यांची भानगडच नाही.

रात्रपाळी
ती इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये गणितासाठी वेगळी ठळक लॅटिन अक्षरं आहेत, ती तुम्ही वापरता. देवनागरीची तशी नाहीतच.

वाचनवेडी
आता टेलिग्राम. तिथे भाच्याची स्क्रिप्ट `parse_mode` मध्ये `Markdown` लिहून पाठवते. बहुतेक वेळा जातं, पण "संपर्क: pustak_mitra" ही एकच ओळ पाठवली की हे येतं:

```
Bad Request: can't parse entities: Can't find end of
the entity starting at byte offset 26
```

मी बोटाने मोजलं. अख्खी ओळच सतरा अक्षरांची आहे, सव्विसावं कुठून आणू?

रात्रपाळी
ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. 'संपर्क' आपल्याला तीन अक्षरं दिसतात. संगणकाला स, अनुस्वार, प, र, हलन्त, क असे सहा तुकडे दिसतात आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात. झाले 18. विसर्गाऐवजी टाकलेला कोलन आणि स्पेस धरून 20. pustak चे सहा, 26. मोजणी शून्यापासून, म्हणजे 26 वर आहे तो अंडरस्कोर. टेलिग्रामला वाटलं तिरकं सुरू झालं, ते संपवणारा दुसरा अंडरस्कोर सापडला नाही, आणि त्याने अख्खा संदेशच परत केला.

`MarkdownV2` वर जाऊ नका. तिथे तर टिंब, हायफन आणि उद्गारचिन्हाआधीही `\` द्यावा लागतो, म्हणजे "सायं." लिहिलं तरी अडेल. `HTML` घ्या: फक्त `&`, `<`, `>` सांभाळायचे आणि ठळकला `<b>`, तिरक्याला `<i>`. फक्त साइटसाठी तयार झालेलं HTML जसंच्या तसं पाठवू नका. त्यातल्या `<p>` आणि `<ul>` ला टेलिग्राम नाही म्हणतं.

सदूकाका
एवढा खटाटोप! आमच्या वेळी फळ्यावर खडूने लिहायचो, ठळक हवं असलं की खडू दाबायचा.

वाचनवेडी
काका, फळाही आहेच, तो मीच लिहिते. 🙂 रात्रपाळी, आज रात्री `HTML` करून बघते. जाता जाता एक: मी यादीला "१.", "२." असे देवनागरी आकडे घातले की साइटवर सगळे मुद्दे एकाच परिच्छेदात चिकटतात. गटात मात्र ओळी सुट्या राहतात.

रात्रपाळी
मार्कडाउनची यादी 0 ते 9 याच आकड्यांना ओळखते. "१." त्याच्या लेखी साधा मजकूर, आणि साध्या मजकुरातल्या सलग ओळी ते जोडून टाकतं. व्हॉट्सॲप ओळी तुम्ही तोडल्या तशाच ठेवतं. साइटवरही आकडे देवनागरीच हवे असतील तर मुद्द्यांमध्ये एकेक ओळ रिकामी सोडा.

वाचनवेडी
मग गटात सूचना लांबलचक होते ना!

मॅकवाली
मीही तिथेच अडकलेय. कोणी सोडवलं असेल तर लिहा.