‘मराठीत करून द्या’ एवढेच सांगितले असेल, तर कोणती मराठी निवडावी?

ओळखीचा_शब्द:
शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णांसाठीचे दोन पानी सूचनापत्रक इंग्रजीतून मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आहे. ग्राहकाने ‘मराठीत करून द्या’ यापलीकडे काहीही कळवलेले नाही. पहिल्या मसुद्यात मी ‘मलमपट्टी ४८ तास कोरडी ठेवण्यात यावी’ असे लिहिले आणि दुसऱ्यात ‘पट्टी ४८ तास कोरडी ठेवा’ असे. तिसरा मसुदा ‘डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच’ अशा बोलण्यातल्या रूपांचा आहे. यांपैकी कोणता पाठवावा?

जुनी_वही:
शंका असेल तेथे प्रमाण लेखी मराठीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. छापील मजकुरात ‘सांगितलं’ हे रूप अशुद्धच ठरते, कारण १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम ठरले ते याच शिस्तीसाठी. पहिला मसुदा पाठवावा.

मधली_ओळ:
प्रमाण लेखनाचा आग्रह मलाही मान्य आहे. परंतु ‘सांगितलं’ अशुद्ध नाही. बोलण्यातली अशी रूपे लिहायची झाल्यास अंती अनुस्वार द्यावा, असे ते नियमच सांगतात. प्रश्न शुद्धतेचा नसून ते रूप या पत्रकात शोभते का, हा आहे.

औपचारिकता ही एकच कळ समजली की घोटाळा होतो. येथे तीन गोष्टी वेगवेगळ्या हलतात: क्रियापद (ठेवण्यात यावी, ठेवावी, ठेवा), शब्दांची निवड (ज्वर की ताप) आणि शब्दाचा शेवट (सांगितले की सांगितलं). शेवट लेखी ठेवून क्रियापद थेट आज्ञार्थी आणि शब्द घरातले घेतले, तर ती प्रमाण मराठीच राहते, शिवाय समजतेही. तुमचा दुसरा मसुदा नेमका असा आहे.

पहिल्या मसुद्यातील दोष जडपणापुरता नाही. ‘ठेवण्यात यावी’ या रचनेत पट्टी कोणी कोरडी ठेवायची, हेच नाहीसे होते. परिचारिकेला दिलेली सूचना म्हणूनही ते वाक्य वाचता येते. ‘आपण’बद्दलही सावध राहावे. ‘आपण दोन दिवसांनी पट्टी बदलावी’ यात लिहिणाऱ्याच्या मनात आदरार्थी ‘तुम्ही’ असते. परंतु हेच वाक्य परिचारिकेने मोठ्याने वाचले, तर रुग्ण ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही आणि मी मिळून’ असे समजू शकतो आणि पट्टी बदलायला कोणीतरी येईल म्हणून थांबू शकतो.

पडद्यामागे:
मी मालिकांची उपशीर्षके करतो. वऱ्हाडी पात्राच्या तोंडी मी ‘करून राहिला’ ठेवतो आणि ते प्रेक्षकांना आवडते. त्यामुळे रुग्ण कोणत्या भागातले आहेत ते विचारून त्यांची बोली वापरावी, असे मी सुचवेन.

मधली_ओळ:
उपशीर्षकात बोली पात्राची असते, म्हणून ती शोभते. पत्रकात बोलणारी व्यक्ती रुग्णालय आहे. त्याने अंदाजाने रुग्णाची बोली उचलली, तर ती नक्कल वाटण्याचा धोका आहे. प्रदेशानुसार बदलणारा एखादा शब्द अडला, तर सर्वत्र कळणारा शब्द घ्यावा.

ग्राहकाला ‘औपचारिक हवे की अनौपचारिक?’ असे विचारू नये, कारण बहुतेक ग्राहक सवयीने ‘औपचारिक’ म्हणतात. त्याऐवजी ‘हे पत्रक रुग्ण स्वतः वाचणार की कोणी वाचून दाखवणार?’ एवढेच विचारावे आणि सोबत पत्रकातील तीन वाक्ये दोन प्रकारे लिहून नमुने द्यावेत. उत्तर आले नाही, तर दुसरा मसुदा पाठवून निवडीचे कारण दोन ओळींत कळवावे.

ओळखीचा_शब्द:
विचारले. परिचारिका ते एकदा वाचून दाखवते आणि मग नातेवाईक घरी नेतात, असे उत्तर आले. त्यानुसार आता असे लिहिले आहे: ‘पट्टी ४८ तास कोरडी ठेवा. गोळी जेवणानंतरच घ्या, रिकाम्या पोटी घेऊ नका. ताप आला, तर लगेच फोन करा.’ तपासताना माझ्याच मसुद्यात एके ठिकाणी ‘डॉक्टरांनी सांगितलेलं औषध’ आणि पुढच्याच ओळीत ‘दिलेले औषध’ सापडले. आता सर्वत्र लेखी शेवट ठेवला आहे.

जुनी_वही:
अनुस्वाराबद्दलची माझी चूक मान्य करतो. तरीही वयस्कर वाचकाला सलग ‘ठेवा, घ्या, करा’ हुकमासारखे वाटेल, ही शंका कायम आहे. ‘गोळी जेवणानंतर घ्यावी’ यात अदब आहे आणि अर्थही हरवत नाही.

मधली_ओळ:
‘घ्यावी’ मलाही चालेल, कारण तेथे गोळी कोण घेणार याबद्दल संशय उरत नाही. परंतु ‘घेऊ नका’ या मनाईच्या ठिकाणी मी ‘घेऊ नये’ लिहिणार नाही. ते सल्ल्यासारखे सौम्य वाटते आणि येथे सौम्यता नको आहे. एकाच पत्रकात सूचना ‘घ्यावी’ आणि मनाई ‘घेऊ नका’ अशी सरमिसळ वाचकाला खटकेल का, याचा निर्णय मात्र मला अजून करता आलेला नाही.