म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी जाहिरातीतली अक्षरं मोठी करावी का?

गड्डावाला: नवी पेठेतल्या चादरीच्या दुकानाची गड्डा यात्रेच्या सेलची क्रिएटिव्ह केलीय, 1080 बाय 1080. क्रीम बॅकग्राउंड, सोनेरी अक्षरं, एकदम रॉयल. मालक म्हणतात अक्षरं मोठी कर, आपलं गिऱ्हाईक साठीच्या पुढचं. मला ते पत्रकासारखं भडक वाटतंय. तुमचं काय मत?

फॉन्टप्रेमी: मालकांचं नको ऐकू बे. आता सगळ्या आज्ज्या झूम करतात. फारतर बोल्ड कर, झालं काम.

रंगारी_सात_रस्ता: झूम करेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस पुढे सरकलेलं असतं हो. आणि तुम्ही मोठ्या स्क्रीनवर बघताय. तीच इमेज मोबाईलवर साधारण 360 रुंदीत बसते, म्हणजे तिसरा हिस्सा. तारीख-पत्ता 28 च्या साइझमध्ये लिहिला असेल तर तिथे 9 चा दिसतो, तो तरुण पोरांनाही वाचवत नाही. निदान 60 ठेवा, सूट किती ते 120 च्या पुढे.

खरी गडबड रंगाची आहे. क्रीमवर सोनेरीचा कॉन्ट्रास्ट रेशो जेमतेम 2 येतो, साध्या मजकुराला किमान 4.5 लागतो आणि मोठ्या अक्षरांनाही 3. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, मोतीबिंदू असला तर सगळं धुरकटच. त्याच क्रीमवर गडद मरून टाका, 10 च्या वर जातो आणि रॉयलपणाही राहतो. इमेज ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, अक्षरं बॅकग्राउंडमध्ये विरघळली तर समजा गेलं.

बोल्डचं अर्धंच बरोबर आहे. देवनागरीत फार जाड केलं की ख, क्ष, ष्ठ यांची पोकळी बुजते, त्यात व्हॉट्सअ‍ॅप इमेज दाबून पाठवतं. मध्यम जाडी घ्या आणि ओळींत जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

पार्क_चौक_काका: आमच्या चौकातला फ्लेक्स तर लांबूनच दिसतो, त्यात कसला प्रॉब्लेम? मला वाचता येत नाही ते फक्त खाली बारीक "अटी लागू", आणि भांडण त्यावरूनच होतं काउंटरला.

रंगारी_सात_रस्ता: काका, फ्लेक्सचा हिशोब वेगळा, इथे मोबाईलचा विषय आहे. पण अटीचं खरंय. "सिलेक्टेड रेंजवर फ्लॅट 40% ऑफ" काढा, "या चादरी 1000 च्या 600 ला" लिहा आणि चादरीचा फोटो लावा. अट असलीच तर ती पण मोठ्या अक्षरात, 'फक्त डबलबेडच्या चादरी' असं सरळ.

फॉन्टप्रेमी: मग लोगो, फोटो, पत्ता, फोन नंबर, ऑफर, सगळं मावणार कुठे?

रंगारी_सात_रस्ता: नाही मावणार. ऑफर, तारीख, नंबर ठेवा, पत्ता खालच्या कॅप्शनमध्ये टाका.

गड्डावाला: मरून करून बघतो. पण लोगोच सोनेरी आहे, तो बदलायला मालक कधीच तयार होणार नाहीत, त्याच्यामागे गडद पट्टी टाकली तर चालेल का?

फॉन्टप्रेमी: पट्टी टाकलीस की लग्नपत्रिका झाली समज.