जुनी गाडी शोरूमला द्यावी की बाहेर विकावी?

राजारामपुरीकर: २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ६८ हजार किमी झालेली. शोरूमवाले २,६०,००० देतात, वर २५,००० एक्स्चेंज बोनस. उचगावचा एकजण ३,१०,००० म्हणतोय. २५ हजारांच्या फरकासाठी बाहेर विकायचा त्रास घ्यावा का?

बावड्याचा भाऊ: भावा, फरक २५ हजारच आहे हे कशावरून? नवी गाडी एक्स्चेंजशिवाय कितीला देतात, ते आधी कोटेशनवर लिहून घे. जुन्या गाडीची किंमत चढवायची आणि नवीवरची रोख सूट कमी करायची, हे सर्रास चालतं. मी बारा वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतोय, दर आठवड्याला बघतो.

राजारामपुरीकर: विचारून आलो. एक्स्चेंज असेल तर रोख सूट १५,०००, नसेल तर ३०,०००!

बावड्याचा भाऊ: मग हिशेब कर. शोरूमकडे २,६०,००० अधिक २५,००० अधिक १५,०००, म्हणजे तीन लाख. बाहेर ३,१०,००० अधिक ३०,०००. पॉलिश, पीयूसी, किरकोळ काम यात सहा हजार गेले तरी तुझे ३४ हजार जास्त सुटतात.

मंगळवार पेठेतली वहिनी: पैशाचंच बघू नका. आम्ही बाहेर विकली. घेणाऱ्यानं आठ महिने आरसी नावावर केली नाही, दंडाची चलनं यांच्या मोबाईलवर येत होती. रात्री झोप लागत नव्हती. मी तरी शोरूमलाच देईन.

बावड्याचा भाऊ: वहिनी, तुमचं बरोबर आहे, नाव बदलेपर्यंत आरटीओच्या लेखी मालक आपणच. अपघात झाला तर भरपाईचा दावा आपल्यावरही येतो. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. पण शोरूमला दिली म्हणून सुटका होत नाही, तीच गाडी पुढं एजंटाकडं जाते. दोन्हीकडं फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करा, पण कोऱ्या फॉर्मवर नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ लिहून डिलिव्हरीची पोच घ्या. घेणारा बेळगावचा असला तर आरटीओची एनओसीही लागते.

गडहिंग्लजचा दादा: आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर गेला, तो धरलाच नाही की!

बावड्याचा भाऊ: नाही दादा, पॉलिसी गाडीबरोबर जाते, बोनस मालकाचा. विमा कंपनीकडून पत्र घ्यायचं, तीन वर्षं चालतं. ५० टक्के असेल तर नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर तेवढी सूट मिळते.

कळंब्याची ताई: माझ्या गाडीवर अजून कर्ज आहे, पुढचा पत्राही बदललाय. बाहेरचे बघून परत गेले. शेवटी शोरूमनंच घेतली, बँकेचा हप्ताही त्यांनीच मिटवला.

राजारामपुरीकर: माझ्या गाडीवर काही नाही. पण उचगाववाला ५० हजार आरसी नावावर झाल्यावर देतो म्हणतोय.

बावड्याचा भाऊ: मी तर पूर्ण रक्कम खात्यात आल्याशिवाय चावी दिली नसती.

वहिनी: उलट आरसी नावावर होईपर्यंत तूच त्याचे ५० हजार ठेवून घे, तेच पैसे त्याला आरटीओकडं पळवतील. अडकू देत की त्याचेच.