अनुभव धागा: सर, डॉक्टर, वस्ताद… की नुसतं नाव?

मंगळवारपेठी
पुण्याच्या ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारायचे, अगदी वरच्या साहेबांनाही. कोल्हापुरात परत आले आणि सर, मॅडम, डॉक्टर, आण्णा म्हटल्याशिवाय बोलणंच सुरू होईना. मला हे आवडतं. पण एक गोष्ट तुमच्याकडून समजून घ्यायची आहे. ज्यांना आपण मानाच्या नावानं हाक मारतो, त्यांना खरं सांगता येतं का? 'दुखतंय', 'समजलं नाही', 'तुमचं चुकतंय' हे शब्द तोंडातून निघतात का? शिक्षक, डॉक्टर, वस्ताद, ऑफिसातले वरिष्ठ, कुणाचाही अनुभव चालेल. मात्र घडलेलं सांगा, नुसतं मत नको.

राजारामपुरीकर
ऑफिसात नावानं हाक मारली की सगळे समान होतात, त्यामुळं तिथं खरं बोललं जातं. आपल्याकडं साहेब-साहेब करण्यात निम्मं आयुष्य जातं. मीही पुण्यात सहा-सात वर्षं काढलीत.

नवीडॉक्टरीण
माझी इंटर्नशिप कोल्हापुरातच झाली. तिथं पुरुष इंटर्न पहिल्या दिवसापासून 'डॉक्टर' आणि मी 'ताई', 'सिस्टर', नाहीतर 'पोरी'. गळ्यात स्टेथोस्कोप असला तरी तेच. याचा मला राग यायचा आणि तो रास्तच होता. पण त्यातून जे कळलं ते वेगळंच आहे.

मेडिसिनच्या वॉर्डात कागल तालुक्यातल्या एक आजी होत्या. रक्तदाब १८० वर १०० च्या आसपास, आणि दोन प्रकारच्या गोळ्या लिहून दिलेल्या. राउंडला सर आले, मागं आमची रांग. सरांनी विचारलं, "आजी, गोळ्या रोज घेता नव्हं?" आजी पदर सावरून उठून बसल्या. "घेतो की सायेब, न चुकता घेतो." दोन गोळ्या रोज घेऊनही दाब इतका असेल तर तिसरी लागणार. सरांनी तसं लिहायला सांगितलं, आणि ऐकलं त्यावरून ते बरोबरच होतं.

तासाभरानं मी रक्त घ्यायला गेले. आजींनी माझा हात धरला. "पोरी, कसलं रोज घेतो? डोस्कं जड झालं की एक खातो. बाकीच्या डब्यात हायत." मग सायबांना तसं का नाही सांगितलं? "सायबास्नी असं सांगायचं व्हय? एवढा मोठा माणूस."

म्हणजे पहिल्या दोन गोळ्याही पोटात जात नव्हत्या. वॉर्डात सिस्टर समोर उभं राहून औषध देतात. तिथं तिन्ही एकदम सुरू झाल्या असत्या तर दाब झपाट्यानं उतरला असता, आणि या वयाची बाई रात्री बाथरूमला उठताना चक्कर येऊन पडते. मी सरांना ओपीडीच्या बाहेर गाठून सांगितलं. सगळ्यांसमोर सांगायचं धाडस मला झालं नसतं, कारण माझ्यासाठीही ते 'सर'च होते. सरांनी तिसरी गोळी थांबवली आणि आधीच्या दोनच नियमित द्यायला लावल्या. तीन-चार दिवसांत दाब बराच खाली आला.

पुढच्या राउंडपासून सरांनी प्रश्नच बदलला. "आजी, आठवड्यातनं किती वेळा गोळी राहती?" राहते हे त्यांनी आधीच धरून विचारलेलं, त्यामुळं सांगणाऱ्याला ओशाळं वाटत नाही. मान तसाच राहतो आणि उत्तर खरं येतं. मी आजही असंच विचारते.

पन्हाळारोड
माझ्या मुलीला नुकतीच शिवाजी विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. लग्नपत्रिकेत नावाआधी डॉ. लावलं तर चालतं ना? पाहुणे म्हणतात, ती कुठं तपासायला बसते?

नवीडॉक्टरीण
@पन्हाळारोड काका, बिनधास्त लावा. तिनं मिळवलेली पदवी आहे. अभिनंदन सांगा तिला.

तांबडी_माती
तालमीचं सांगतो. आत आलं की मातीला हात लावून कपाळाला, मग मारुतीला, मग वस्तादांच्या पाया. वस्तादांचं नाव कुणी घेत नाही. तिथं काही काही पोरांना तर त्यांचं आडनावही माहीत नसतं. वस्ताद मात्र पोरांना गावाच्या नावानं हाक मारतात, "ए शिरोळ, हिकडं ये."

आता मूळ प्रश्न. 'वस्ताद, गुडघा दुखतोय' असं पोरगं सांगत नाही. सांगितलं तर मेहनत चुकवतोय असं वाटेल ही भीती. माझ्याबरोबरच्या एकानं जवळजवळ महिनाभर लपवलं, आणि जत्रेतल्या कुस्तीत पट काढताना गुडघा फिरला. लिगामेंट गेलं. परत आखाड्यात आला नाही.

पण तालमीत यावर एक वाट आहे. जुना पैलवान मध्ये असतो. त्याला पोरं नावानं किंवा दादा म्हणून बोलतात, दुखणं त्याच्या कानावर घालतात. तो जाऊन म्हणतो, "वस्ताद, शिरोळ आज नुसते जोर मारू दे, बैठका नकोत." काय दुखतंय हे वस्तादांनीही विचारायचं नाही आणि त्यानंही सांगायचं नाही, पण दोघांनाही कळलेलं असतं. गुडघा गेलेल्या त्या पोराच्या वेळी जुना पैलवान गावी गेला होता. मधला माणूस नसला की असं होतं.

चांगल्या वस्तादाला न सांगताही दिसतं म्हणा. बैठक मारताना पोरगं एका पायावर भार देतं, उठताना मांडीला हात लावतं. पण समोर चाळीस पोरं असली की कुणाकुणाकडं बघणार?

मंगळवारपेठी
@राजारामपुरीकर, तुमचं निम्मं पटलं. आमच्या मॅनेजरना आम्ही नावानंच हाक मारायचो. पण मराठीत बोलताना 'तू' कुणाच्याच तोंडी यायचं नाही, नाव घेऊन 'तुम्ही'च. आणि 'या तारखेला काम होणार नाही' हे त्यांना शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी सांगितलं नाही. पगारवाढ ज्यांच्या हातात, त्यांना नावानं हाक मारून भीती कमी होत नाही.

राजारामपुरीकर
तुमच्याकडं तसं असेल. आमच्या टीममध्ये स्पष्ट बोलणं चालायचं. मी अजूनही नावाच्याच बाजूचा.

शाळेतली_बाई
मी करवीर तालुक्यात पहिलीला शिकवते. जूनमध्ये आलेली पोरं मला "बाई, तू उद्या येणार हाईस?" असं विचारतात. घरात आईला, आजीला तू म्हणतात, मी त्याच रांगेत. एका पर्यवेक्षकांनी हे ऐकून सांगितलं, 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणायची सवय लावा. मी आठवडाभर लावून बघितली. पोरं मॅडम म्हणायला लागली आणि त्याबरोबर हात वर करायचीही थांबली. लघवीला जायचं विचारायला घाबरून दोघांची चड्डी ओली झाली. मी पुन्हा 'बाई' सुरू केलं आणि 'तू'वर बोलणं सोडून दिलं. दुसरीत गेली की मोठ्या पोरांचं ऐकून ती आपोआप 'तुम्ही' म्हणतात. सगळ्या शाळांत असंच होईल असं नाही, सहावी-सातवीच्या वर्गात 'तू' मलाही खपणार नाही.

वॉर्डातला_ब्रदर
माझं उलटं. मी नर्सिंगचा, पण पुरुष म्हणून सगळे 'डॉक्टर' म्हणतात. नवीडॉक्टरीण यांना जे सांगितलं जातं ते मला सांगत नाहीत, आणि माझा अधिकार नसलेलं विचारतात: "डॉक्टर, ऑपरेशन टाळता येईल का?" मी दर वेळी "मी ब्रदर आहे" म्हणतो. काहींचा चेहरा पडतो, काही मात्र लगेच मोकळे होतात आणि डब्यातली तंबाखूची पुडी दाखवतात.

@नवीडॉक्टरीण, एक विचारतो. आता तुम्ही 'मी डॉक्टर' अशी ओळख करून देता का?

नवीडॉक्टरीण
देते. सही माझी असते, जबाबदारी माझी असते, तेव्हा डॉक्टर कोण हे पेशंटला कळायलाच हवं, आणि माझ्या मागून येणाऱ्या मुलींना 'सिस्टर' ऐकावं लागू नये असंही वाटतं. पण ओळख दिली की आज्या पदर सावरून बसतात आणि म्हणतात, "घेतो की, न चुकता." मग मी सिस्टरांना विचारते, त्यांच्या कानावर काय आलंय.